सात आठे छप्पन्न

गणिताचं ॲप वर्गात आल्यापासून सरांच्या लाल पेनाची शाई वाळू लागली होती. वह्याच तपासायला येत नव्हत्या. सहावीची चाळीस मुलं कानाला हेडफोन लावून टॅबवर वाकून बसत आणि प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळं गणित असे. उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित थोडं अवघड, चुकलं की थोडं सोपं. सारखं चुकत राहिलं, तर ॲप मुलाला मागच्या पायरीवर नेऊन तिथला सराव देई. सरांच्या हातातल्या टॅबवर चाळीस चौकोन असत, हिरवे, पिवळे आणि लाल. लाल दिसला की त्या बाकापाशी जायचं, एवढंच काम उरलं होतं. फळ्यावर आता रंगांचा अर्थ सांगणारा मोठा तक्ता टांगला होता. त्याच्यामागे फळा होता, हे नव्या मुलांना ठाऊकही नसावं.

"सर, आता तुम्ही शिक्षक नाही, सुविधादाते," ॲपचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. त्या तरुण होत्या, हुशार आणि कामाला वाघ.

"सुविधा म्हटलं की मला स्वच्छतागृहाच्या दारावरची पाटी आठवते," सर म्हणाले होते. सगळे हसले, बाईही हसल्या. पण त्या दिवशी घरी जाताना सरांना स्वतःच्या विनोदाचं हसू आलं नाही.

मुलं त्यांना पाठीमागे सावकाश सर म्हणत. कुणी अडलं की ते बाकाशेजारी उभे राहत आणि काही न बोलता वाट बघत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ही एक गोष्ट ते शिकले होते, आणि तीही उशिरा. तरुणपणी ते सावकाश नव्हते. हे मुलांना माहीत नव्हतं.

खरं तर ॲपबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मागच्या बाकावरचा एक मुलगा दोन वर्षं दशांश चिन्हाला घाबरत होता. ॲपने त्याला गुपचूप चौथीच्या पायरीवर नेलं आणि दोन महिन्यांत वर आणलं. चाळीस जणांत सरांना ते जमलं नसतं, आणि ते तसं कबूलही करत. खटकत होती ती दुसरीच गोष्ट. पूर्वी मूल चुकलं की ती चूक त्यांच्या हातात येई. आता फक्त तिचा रंग येत होता.

वर्ष संपत आलं तेव्हा एक यादी आली. ज्यांचा अपूर्णांकांचा टप्पा पक्का झाला नाही, अशी सात मुलं पुढच्या वर्षी वेगळ्या खोलीत बसणार होती. तिथे वर्षभर पायाच पक्का करून घ्यायचा. बाकीच्यांचं बीजगणित सुरू होईल, यांचं होणार नाही. यादी ॲपनेच काढली होती. वर्गशिक्षकांनी शुक्रवारपर्यंत सही करायची होती.

सहा नावं सरांना पटली. सातवं मुंगीचं होतं.

मुंगी हे तिचं टोपणनाव. अंगाने बारीक, बोलणं कमी, आणि एकदा हातात घेतलेलं गणित शेवटाला नेल्याशिवाय न सोडणारी. तिची आई एका रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्रीचं काम करायची. वडील दूर कामाला, महिन्यातून एकदा येत. वर्गात मुंगीचा चौकोन सकाळी पिवळा असे आणि तास संपेपर्यंत हिरवा होई. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पिवळा, कधी लालसुद्धा.

बाईंनी तिचा आलेख उघडून दाखवला. करवतीच्या दातांसारखी रेघ वर जात होती आणि खाली पडत होती.

"शाळेत येतं, घरी गेल्यावर विसरते," बाई म्हणाल्या. "ॲपचाही अंदाज तोच आहे. शिकलेलं टिकत नाहीये. घरचं वातावरण असेल, टीव्ही असेल. अशा मुलांसाठीच तर ती खोली आहे, सर."

"विसरणारं मूल असं विसरत नाही," सर म्हणाले. त्यांनी विचारलं, की तिने दिलेलं एकेक उत्तर कुठे बघायला मिळतं का.

मिळत होतं. तीन पडदे ओलांडून आत गेलं की प्रत्येक प्रश्न, दिलेलं उत्तर, लागलेला वेळ आणि किती वेळा हिंट मागितली, सगळं लिहिलेलं होतं. बाई म्हणाल्या, की तिथवर सहसा कुणी जात नाही. रंगावरून कळतंच.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर सर रिकाम्या वर्गात बसले. ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली आणि मुंगीची शेवटची साठ उत्तरं हाताने उतरवून घेऊ लागले. पडद्यावर वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नसे, हातातून गेलेलं शिरे. शिपाईमामा खोली बंद करायला आले, पाहून गेले, पुन्हा आले. "सर, शिक्षा झाली का काय तुम्हाला? शंभर वेळा लिहा म्हणून?" त्यांनी विचारलं. सरांनी मान न उचलता पाच मिनिटं मागितली, आणि तासभर बसले.

साधारण पंचविसाव्या ओळीला त्यांचा हात थांबला.

सकाळच्या तासाला तीन छेद सात अधिक एक छेद आठ या गणिताचं उत्तर मुंगीने एकतीस छेद चोपन्न असं दिलं होतं. पद्धत चोख होती. दोन्ही छेद सारखे करून घेतले होते, अंशही बरोबर आले होते, चुकला होता तो फक्त पाढा. सात आठे चोपन्न. पुढे दोन ठिकाणी तीच चूक. सर मनात म्हणाले, ही तर मुंगीच. तिसरीपासून तिचं तेवढं एक डळमळतं.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर, घरच्या फोनवर उघडलेल्या ॲपमध्ये मात्र वेगळंच काही सुरू झालं होतं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच. दोन छेद तीन अधिक एक छेद चार, उत्तर तीन छेद सात. वरच्यात वरचं मिळवायचं, खालच्यात खालचं. प्रत्येक उत्तराला दोन-दोन, तीन-तीन मिनिटं लागली होती आणि प्रत्येक हिंट शेवटपर्यंत उघडली होती. मधूनच गुणाकार आला, तीन छेद सात गुणिले पाच छेद आठ. तिथे मात्र सात सेकंदांत बिनचूक पंधरा छेद छप्पन्न. गुणाकारात सरळ वरचं वर आणि खालचं खाली चालतं, म्हणून ते बरोबर आलं. आणि सात आठे छप्पन्न. संध्याकाळी एकदाही चोपन्न नव्हतं.

सरांनी पडद्यावर मागच्या दिवसांच्या नोंदी चाळल्या. रोज तेच. सकाळी एक चूक, संध्याकाळी दुसरी, आणि एकीचा दुसरीला वाराही लागलेला नाही. चुकीलाही अक्षर असतं. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यावर नाव झाकलं तरी चूक कुणाची ते सांगता येतं. या एका नावाखाली दोन हात लिहीत होते.

सकाळची मुंगी आलेख वर नेत होती, संध्याकाळचं कुणीतरी तो खाली ओढत होतं. ॲपला एकच नाव माहीत. त्या बिचाऱ्याने दोघांची सरासरी धरून इमानाने गणितं दिली. सकाळी ती मुंगीला फार सोपी पडली, संध्याकाळी त्या दुसऱ्याला फार अवघड. ॲप शिकवत होतं ते दोघांच्या मधल्याच कुणालातरी. आणि तसं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मुंगीला थांबवून घेतलं. संध्याकाळी गणितं कोण करतं, असं त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी घरी काय काय असतं, एवढंच विचारलं.

ती म्हणाली, आई कामावरून सातला येते. मग जेवण. मग भांडी.

"भांडी कोण घासतं?"

"मी."

"आणि आई?"

मुंगीने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. सर वाट बघत राहिले. बाहेर मुलांचा गलका वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला.

"सर, माझं नाव त्या यादीत राहू दे," ती शेवटी म्हणाली. "मला चालेल. तिकडेपण गणितच असतं ना."

"तुला यादीचं कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीये." मग हळूच, खाली बघत, "आईला सांगू नका. ती परत गणिताला हात नाही लावणार."

अकरा वर्षांची पोर एक वर्ष मागे राहायला तयार होती, तेही कुणाला कळू न देता. ते म्हणाले, मी बघतो. काय बघणार होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आईला बोलवावं तर लागणारच होतं. दुपारची सुट्टी घेऊन ती आली. हातांना साबणाचा आणि गरम कापडाचा वास, मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा जुना डाग. लहान मुलांच्या बाकावर ती अवघडून बसली. फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता, जसा काही तो चोरीचा माल.

"पोरीचं काही चुकलं का, सर?"

सरांनी आधी यादीचं सांगितलं, मग वही उघडून तिच्यासमोर ठेवली. सकाळच्या ओळी त्यांनी निळ्या शाईने लिहिल्या होत्या, संध्याकाळच्या काळ्या. काही समजावून सांगायची गरज पडली नाही. तिने काळ्या ओळींवर नजर टाकली आणि मान खाली घातली.

"मी पोरीचं नुकसान केलं," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, ॲप म्हणजे पुस्तकासारखं. आपण पानं उलटली म्हणून पुस्तक काही झिजत नाही. मुंगीने एकदा घरी एक गणित विचारलं होतं आणि हिला ते आलं नाही. पोर काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने विचारायचंच सोडलं. तेव्हा हिने ठरवलं, की आपण शिकायचं. पोर भांडी घासायला उठली की ही फोन घेऊन बसे. मुंगीला ते माहीत आहे, हे हिला ठाऊकच नव्हतं. आता सरांकडे बघून कळलं.

"तिने सांगितलं?"

"नाही. तिने उलट नाव यादीत राहू द्या म्हटलं."

आईने पदराचं टोक तोंडावर धरलं. मग बोलली तेव्हा आवाज सरळ होता.

"तुम्हाला आठवणार नाही, सर. मी याच शाळेत होते. तुमच्याच वर्गात, तिकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत. पाढे मला सगळे यायचे. अपूर्णांक सुरू झाले तेव्हा तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलं होतं. अर्धा अधिक एक तृतीयांश. मी दोन छेद पाच लिहिलं. तुम्ही ओरडला नाहीत. नुसतं म्हणालात, पुरे, बस. आणि दुसऱ्याला बोलावलं. पुढच्या वर्षी शाळा सुटली, ती घरच्या कारणाने, तुमच्यामुळे नाही. पण ते गणित तिथेच राहिलं."

सरांनी आठवून पाहिलं. काहीच आठवेना. असे किती जण फळ्यापाशी आले असतील, आणि किती जणांना त्यांनी पुरे, बस म्हटलं असेल. तास चाळीस मिनिटांचा होता आणि धडा संपवायचा होता. त्यांना ती आठवली असती तर बरं झालं असतं. निदान तेवढं देणं तरी फिटलं असतं.

"हे ॲप कधी पुरे म्हणत नाही," ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, खरंच चांगलं सांगितलं होतं. "शंभरदा चुकलं तरी पुन्हा विचारतं. हसत नाही. कुणाला सांगतही नाही, असं मला वाटलं होतं."

सर म्हणाले, की ते पुन्हा विचारतं हे खरं. पण तू दोन छेद पाच का लिहितेस, हे त्याने कधी विचारलं का? तिने नकारार्थी मान हलवली. ते पायऱ्या दाखवायचं, ती त्या बघून उतरवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यापेक्षा अवघड काहीतरी समोर यायचं. तिला वाटायचं, आपलंच डोकं जड.

"तुझं डोकं जड नव्हतं," सर म्हणाले. "पोर सकाळी पुढे पळायची, तिच्या वाटणीचं अवघड तुला यायचं."

शुक्रवारी सकाळी ते वही घेऊन समन्वयक बाईंकडे गेले. बाईंनी दोन रंगांच्या ओळी दोनदा वाचल्या.

"नियमाप्रमाणे एका नावाने दोघांनी वापरणं मला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मग पोरीचं ॲपवरचं नाव काही दिवस बंद होईल."

"कळवा. पण आधी तिची परीक्षा घ्या. इथे, तुमच्यासमोर, तुमच्याच ॲपवर."

ॲपमध्ये मूल कुठल्या पायरीवर आहे ते नव्याने तपासणारी एक चाचणी होती. ती पुन्हा द्यायचा अधिकार शिक्षकाला होता, तोही तीन पडदे आत. मुंगी बाईंच्या टेबलाशी बसली. शेजारी कोरा कागद, हातात पेन्सिल. चाळीस मिनिटांत ती अपूर्णांकांच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून गेली. चुकलं एकच, आणि ते कुठे चुकणार हे सरांनी आधीच कागदाच्या तुकड्यावर लिहून बाईंच्या पॅडखाली सरकवलं होतं. बाईंनी तो तुकडा काढून पाहिला. त्यावर लिहिलं होतं, सात आठे.

"यंत्र चुकलं नाही, सर," बाई म्हणाल्या. "आपण त्याला दोघींना एक म्हणून सांगितलं."

"हो," सर म्हणाले. "आणि ही खरंच एकच आहे का, हे विचारायचं त्याच्याकडे काही साधन नव्हतं. आपल्याकडे होतं."

बाईंनी यादीतून सातवं नाव काढलं. कारणाच्या रकान्यात आजारपण, गैरहजेरी, उपकरणात बिघाड असे ठरलेले पर्याय होते. त्यांनी 'इतर' निवडलं आणि पुढे काही लिहिलं नाही. कळवलं मात्र. त्यातून मुंगीचं नाव फक्त शाळेच्या वेळात उघडेल, असं ठरलं. उरलेल्या सहा नावांवर सही करायला सरांनी पेन काढलं, मग परत खिशात ठेवलं.

"या सहांच्या ओळीही बघतो," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत वेळ द्या."

"त्यांच्या घरीपण कुणी शिकतंय असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही. बहुतेक यादी बरोबरच असेल. पण मी अजून वाचलेलं नाही."

बाईंनी सोमवार दिला. मग, सर दाराशी पोचल्यावर, त्यांनी विचारलं, की साठ ओळी उतरवायला किती वेळ लागतो.

संध्याकाळचं ॲप आता मुंगीच्या आईला बंद झालं होतं. तिच्यासाठी वेगळं नाव काढता येत नव्हतं, ते फक्त पटावरच्या मुलांसाठी. मंगळवारी तिची दुपारची पाळी लवकर संपते, हे सरांनी मुंगीकडून काढून घेतलं आणि मुंगीच्याच हाती चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत बोलावणं होतं, आग्रह नव्हता.

मंगळवारी ती आली. मुंगी बाहेर पायरीवर बसून राहिली. आत यायला तिला कुणी मना केलं नव्हतं, पण आईला चुकायला जागा हवी, हे तिला कळत असावं. शिपाईमामांनी रंगांचा तक्ता उतरवून भिंतीला टेकवला. मागचा फळा राखाडी पडला होता. सरांनी तो ओल्या फडक्याने दोनदा पुसला, वाळू दिला, आणि खडू तिच्या हातात दिला.

"ते गणित तूच लिही," ते म्हणाले.

तिने लिहिलं. अर्धा अधिक एक तृतीयांश. बराच वेळ उभी राहून तिने पुढे दोन छेद पाच लिहिलं आणि खडू खाली ठेवू लागली.

"ठेवू नको. मला एक सांग. तुझ्याकडे अर्धी भाकरी आहे. त्यात मी आणखी एक तुकडा घातला. आता ती अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी?"

"जास्त."

"आणि हे जे लिहिलंस, पाचातले दोन. ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

ती फळ्याकडे वळली. तिने दोन बोटांनी फळ्यावर काहीतरी मापलं, मग ओठ हलवून मोजलं. सरांना उत्तर जिभेवर आलं होतं. पूर्वी त्यांनी ते सांगून टाकलं असतं, किंवा दुसऱ्याला बोलावलं असतं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मैदानावर कुणी नव्हतं. मागून खडूचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"सर, कमी," ती म्हणाली. पाठमोरीच होती. "कमी कसं झालं? मी तर मिळवलं होतं."

"तेच तर," सर म्हणाले.

ती पुन्हा फळ्याकडे बघत राहिली. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. मग तिने दोन छेद पाच हाताच्या तळव्याने पुसलं, पण त्या जागी काही लिहिलं नाही.

"आज नाही येत," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी सांगू?"

"सांग," सर म्हणाले. "गणित फळ्यावर राहू दे."

शिपाईमामा तक्ता परत टांगायला आले तेव्हा सरांनी त्यांना नको म्हणून खूण केली. तो भिंतीशी तसाच टेकलेला राहिला.